तीन पिढ्यांचा एक हॉल: आधी वाट, मग खुर्ची, मग बाकी सगळं

प्रश्न: ठाण्यात आमचा २ बीएचके फ्लॅट आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. हॉल १० बाय १७ फूट. दारातून आत आलं की उजवी भिंत सलग आहे. डावीकडे आधी स्वयंपाकघराचं दार, मग आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज आणि त्यापुढे साडेसात फूट भिंत. समोरच्या टोकाला बाल्कनीचं सरकतं दार. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कधीकधी वॉकर लागतो. आम्हाला एल आकाराचा सोफा आणि मोठा टीव्ही हवाय, सासूबाईंना दिवाण आणि जमलं तर झोपाळा. संध्याकाळी मालिका, अभ्यास आणि खेळणी एकाच वेळी सुरू असतात आणि रोज कटकट होते. हॉल कसा लावावा?

उत्तर: सोफ्याचं दुकान तूर्त बाजूला ठेवा. पहिल्यांदा सासरे घरात कुठून कुठे चालतात ते बघा. त्यांच्या खोलीतून हॉलमधल्या जागेपर्यंत, तिथून बाथरूमपर्यंत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणि मुख्य दारापर्यंत. ही वाट आणि त्यांची बसायची जागा एकदा पक्की केली की त्या भागातली एकही वस्तू पुन्हा हलवायची नाही. हॉलचा उरलेला भाग मात्र असा लावायचा की त्यातलं जवळजवळ सगळं दिवसातून दोन-तीनदा हलवता येईल. एकत्र कुटुंबाच्या हॉलमध्ये मी कायम हाच क्रम धरते. म्हाताऱ्या माणसाला वस्तू रोज त्याच ठिकाणी लागतात, कारण अंधारात किंवा तोल गेल्यावर हात सवयीने तिकडेच जातो. मुलांना जागा रोज वेगळी लागते. या दोन गरजा एकाच कोपऱ्यात कोंबल्या की कटकट सुरू होते.

तुमच्या हॉलची रचना या कामाला फार सोयीची आहे. स्वयंपाकघर आणि पॅसेज दोन्ही दाराकडच्या अर्ध्या भागात आहेत. म्हणजे दारापासून साधारण साडेनऊ फूट हा चालण्याचा भाग आणि बाल्कनीकडचे साडेसात फूट हा बसण्या-खेळण्याचा भाग, अशी विभागणी भिंतींनीच करून दिली आहे. ती फक्त मोडायची नाही.

एल सोफा ती मोडतो. हिशेब करून बघा. हॉलची रुंदी १२० इंच. बाजारातल्या एल सोफ्याची खोली ३६ इंचांच्या आसपास असते, टीव्ही युनिट १८ इंच. उरले ६६ इंच. मध्ये दोन फुटी सेंटर टेबल ठेवलं की दोन्ही बाजूंना २१-२१ इंच राहतात. साधा वॉकर चोवीस-पंचवीस इंच रुंद असतो. म्हणजे सासरे स्वतःच्या बसायच्या जागेपर्यंत वॉकर घेऊन पोचूच शकत नाहीत. ते वॉकर टेबलाच्या अलीकडे सोडणार आणि पुढची दोन पावलं टेबलाच्या कडेला धरून टाकणार. शिवाय सोफ्याचा आखूड भाग बाल्कनीच्या दाराला आडवा येतो, आणि कपडे वाळत घालायला तुम्हाला रोज तिथूनच जायचं आहे. चालण्याच्या मुख्य वाटेला ३६ इंच सलग मोकळे हवेत, ३० च्या खाली तर जायचंच नाही. वॉकर घेऊन वळायला त्याहून जास्त जागा लागते. त्यामुळे एल सोफा नको आणि सेंटर टेबलही नको. टेबलाऐवजी प्रत्येक बसायच्या जागेशेजारी हात पोचेल असा छोटा टीपॉय पुरतो.

आता सासऱ्यांची जागा. उजव्या सलग भिंतीला, पॅसेजच्या बरोबर समोर, त्यांची खुर्ची ठेवा. दारापासून मोजलं तर साधारण सात ते सव्वानऊ फुटांच्या दरम्यान. इथे बसलं की मुख्य दार दिसतं, कोण आलं-गेलं कळतं, स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोलता येतं आणि उठल्यावर समोर सरळ सात फुटांवर पॅसेज लागतो. वळण नाही, कोपरा नाही, मध्ये काही नाही. बाल्कनीजवळची जागा हवेशीर म्हणून आजोबांना देण्याची पद्धत आहे. पण तिथून बाथरूमला जायचं तर त्यांना आख्खा हॉल आणि नातवाची खेळणी पार करावी लागतात, म्हणून मी ती टाळते. वारा हवा तर पंखा त्यांच्या बाजूला सरकवून घ्या. पॅसेजच्या कडेला, सासरे हात खाली सोडून उभे राहिले की मनगट जिथे येतं त्या उंचीपासून वर जाणारं एक फूटभर लांबीचं उभं स्टीलचं हँडल बसवून घ्या. ते भिंतीच्या विटेत नीट रुतलं पाहिजे, नुसत्या प्लॅस्टरमध्ये किंवा दाराच्या पातळ चौकटीत नको. खुर्चीकडून निघालेल्या माणसाला पहिला आधार तिथे मिळतो.

खुर्चीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्या हॉलमध्ये नीट मोजून घ्यायची वस्तू हीच आहे. दुकानातल्या सोफ्यांची बैठक बहुतेक वेळा १५-१६ इंच उंच आणि २२-२४ इंच खोल असते, वर मऊ फोम. बसल्यावर फोम दबतो आणि माणूस चौदा इंचांवर जातो. गुडघे कंबरेच्या पातळीच्या वर येतात. तिथून उठायचं म्हणजे सगळा भार गुडघ्यांवर. ऑपरेशन झालेल्या माणसाला तर डॉक्टरच खाली बसू नका म्हणून सांगतात. त्यांना लागते १८ ते १९ इंच उंचीची, घट्ट बैठक, आणि ही उंची बसल्यानंतरची, गादी दबल्यावरची. खोली १८ ते २० इंच, म्हणजे पाठ टेकलेली असताना पावलं पूर्ण जमिनीला टेकतात आणि बैठकीची कड पोटरीला रुतत नाही. हात ठेवायचे हत्थे बैठकीपासून सात-आठ इंच वर, आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. बऱ्याच खुर्च्यांचे हत्थे अर्ध्यातच संपतात. उठताना माणूस पुढे सरकून बसतो आणि त्या क्षणी हाताखाली काहीच उरत नाही.

उंची अंदाजाने ठरवू नका, घरी मोजा. जेवणाच्या टेबलाची हत्थे असलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि सासऱ्यांना त्यावर बसवून उठायला सांगा. मग बैठकीवर चादरीची एकेक घडी घालत जा. ज्या उंचीवर ते झोका न घेता, हत्थ्यावर फक्त हलका भार देऊन उठतात, ती त्यांची उंची. जमिनीपासून दबलेल्या घडीपर्यंत टेपने मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. खूप उंच झाली तर पावलं लोंबकळतात, टाचा टेकत नाहीत, तेही बघा. सुताराला सांगताना गादी दबण्यासाठी इंच-दीड इंच जास्त धरा.

आणखी एक गोष्ट सुतारालाही माहीत असतेच असं नाही. खुर्चीतून उठताना आपण पावलं मागे, गुडघ्यांच्याही थोडी आत घेतो, तेव्हाच शरीराचा भार पायांवर येतो. स्वतः उठून बघा, लगेच कळेल. बैठकीखाली जमिनीपर्यंत लाकडी फळी आली की टाच मागे जात नाही आणि धडधाकट माणसालाही दोनदा प्रयत्न करावा लागतो. सामान ठेवायला पेटी म्हणून केलेले दिवाण नेमके असेच असतात. म्हणून सासऱ्यांची खुर्ची चार पायांची, खालून मोकळी घ्या. दिवाणाखाली पेटी हवीच असेल तर पुढची फळी बैठकीच्या कडेपासून चार इंच आत घ्यायला सांगा.

सासूबाईंचा दिवाणाचा आग्रह मला पटतो. ज्यांना आयुष्यभर मांडी घालून बसायची सवय आहे त्यांना अठरा इंच खोलीची खुर्ची म्हणजे शिक्षा. मांडी घालायला किमान २४ इंच हवेत. म्हणजे सासऱ्यांना जे सोयीचं तेच सासूबाईंना गैरसोयीचं. दोघांना एकाच सोफ्यावर बसवण्याचा हट्ट धरू नका. दिवाण सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, गादीसकट १८ इंच उंच करा आणि सासऱ्यांच्या खुर्चीनंतर पंधरा इंचांचा टीपॉय सोडून त्याच भिंतीला बाल्कनीपर्यंत लावा. दोघांच्या मधला हा एकच टीपॉय दोघांना पुरतो. पाहुण्यांना पाय सोडून बसायला अडीच फूट खोली जास्त होते, त्यासाठी भिंतीशी नऊ-दहा इंच जाडीचे लोड ठेवा. लोड ठेवले की वीस इंच उरतात, काढले की सासूबाईंची मांडी आणि दुपारची वामकुक्षी. गादी चार इंची आणि घट्ट असू द्या. मऊ गादीवर मांडी घातली की कंबर मागे कलंडते.

झोपाळ्याला मात्र मी नाही म्हणेन. दहा फूट रुंदीत दोन फुटी पाट पुढे-मागे हलायला जागा सोडली की चालायची वाट त्याच्या झोक्यात येते. आणि ज्या माणसाचा गुडघा बोलतो त्याच्यासाठी बसण्याच्या नेमक्या क्षणी बैठक मागे सरकणं हे पडण्याचं निमंत्रण आहे. पाचवर्षीय नातू तो जोरात हलवणार हेही गृहीत धरायला हवं. मोठ्या वाड्यात, बंगल्याच्या ओसरीत झोपाळा शोभतो आणि चालतोही, या हॉलमध्ये नाही.

टीव्ही डाव्या बाजूच्या साडेसात फुटी भिंतीवर येईल, पण मधोमध लावू नका. पॅसेजच्या बाजूला सरकवून, पहिल्या चार फुटांत लावा. मध्यभागी लावला तर सासऱ्यांना मान बरीच वळवावी लागेल. सरकवल्यावर तिरकेपणा कमी होतो, आणि खुर्ची टीव्हीकडे किंचित फिरवून ठेवली की उरलेलाही जातो. समोरच्या भिंतीपासून बसणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत साधारण आठ फूट अंतर पडेल. तेवढ्याला ४३ इंची टीव्ही नीट दिसतो. ५५ इंची घेतला तरी पाहता येईल, पण तो चार फूट रुंद असतो, म्हणजे ते चार फूट पूर्ण भरतील. पडद्याचा मध्य जमिनीपासून ४२ ते ४४ इंचांवर असावा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत. खाली दहा-बारा इंच खोलीचा, भिंतीला ठोकलेला फळीवजा कप्पा पुरतो. १८ इंची युनिट जमिनीवर ठेवायची गरज नाही, आणि ड्रॉवरचं उभं युनिट ठेवलंत तर ते भिंतीला स्क्रूने पक्कं करा, कारण मुलं ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन चढतात.

टीव्हीनंतर त्याच भिंतीवर बाल्कनीपर्यंत साडेतीन फूट उरतात. तिथे मुलीचं अभ्यासाचं टेबल: भिंतीला बिजागऱ्यांवर लावलेलं, दुमडणारं, उंची २८ इंच. टीव्ही आणि टेबल एकाच भिंतीवर घेण्यामागे कारण आहे. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसते, पडदा तिच्या बाजूला, जवळजवळ त्याच पातळीत राहतो आणि चित्र दिसत नाही. समोरच्या भिंतीवर टेबल असतं तर पाठ टीव्हीकडे करून बसली तरी ती दर दोन मिनिटांनी वळली असती. इथे दिवसाचा उजेड मात्र तिच्या उजवीकडून येईल. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर हाताची सावली वहीवर पडते, म्हणून डाव्या बाजूला भिंतीवर एक छोटा दिवा द्या.

पण खरा प्रश्न आवाजाचा आहे आणि तो फर्निचरने पूर्ण सुटत नाही, हे आधीच सांगते. दहा बाय सतराच्या खोलीत मालिका आणि पाठांतर एका वेळी होणार नाही. माझा उपाय वेळेच्या हिशेबाचा आहे. संध्याकाळी सात ते नऊ सासू-सासरे हॉलमध्ये असतात, म्हणजे त्या दोन तासांत त्यांची खोली रिकामी असते. मुलीचं पाठांतर, गणित, परीक्षेचा अभ्यास तिथे होऊ द्या. त्या खोलीत एक नीट टेबल-खुर्ची आणि चांगला दिवा ठेवण्यावर केलेला खर्च हॉलमधल्या कुठल्याही फर्निचरपेक्षा जास्त उपयोगी पडेल. हॉलमधलं टेबल नकाशे रंगवणं, प्रकल्प, शुद्धलेखन अशा आवाज सहन करणाऱ्या कामांसाठी. हे सासूबाईंशी आधी बोलून ठरवा आणि त्यांच्या कपाटाला, पलंगाला हात न लावता टेबलाची जागा त्यांनाच निवडू द्या. एका घरी न विचारता आजीच्या खोलीत टेबल आलं आणि आठवड्यात ते बाहेर गेलं. टेबल चांगलं होतं, विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आवाज कमी करण्यासाठी आणखी एक गोष्ट करता येते. सासऱ्यांना ऐकू कमी येत असेल तर टीव्हीचा आवाज वाढवण्याऐवजी आवाज त्यांच्या जवळ आणा. त्यांच्या टीपॉयवर एक छोटा स्पीकर ठेवला की टीव्ही निम्म्या आवाजात चालतो आणि त्यांना शब्द स्पष्ट ऐकू येतात. काही टीव्हींमध्ये ब्लूटूथ स्पीकर जोडला की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, काहींमध्ये दोन्ही चालतात. विकत घेण्याआधी तुमच्या टीव्हीवर हे तपासून बघा. दुसरं म्हणजे टाइल्स, काच आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि ज्याला आधीच कमी ऐकू येतं त्याला बोलणं कळत नाही, मग सगळेच ओरडतात. बाल्कनीच्या दाराला जाड कापडाचे, जमिनीपर्यंत येणारे पडदे लावा. दिवाणाची गादी आणि लोड बाकीचं काम करतात.

उजेडाबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात आणि त्रास सगळ्यात जास्त होतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे जो हॉल तुम्हाला लख्ख वाटतो तो सासऱ्यांना अंधुक दिसतो, तुमच्या घरातला दिवा कितीही नवा असला तरी. पण म्हणून छतावर जास्त दिवे लावले तर चकचकीत टाइल्सवर त्यांची तिरीप पडते आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ती खुपते. उजेड वाचायच्या जागेपाशी आणा. खुर्चीच्या मागे, खांद्याच्या थोडा वर, भिंतीला लावलेला, पुढे-मागे वळणारा दिवा, नऊ वॅटचा एलईडी बल्ब, आणि बल्ब डोळ्याला थेट दिसणार नाही अशी टोपी. जमिनीवर उभा राहणारा दिवा नको, त्याची वायर वाटेत येते. स्विच आणि मोबाइल चार्ज करायचा प्लग पॉइंट खुर्चीत बसून हात पोचेल असा, जमिनीपासून अडीच फुटांवर घ्या. बिल्डरने दिलेला पॉइंट बहुधा फूटभर उंचीवर असतो. त्यासाठी वाकावं लागतं, मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि तो वाटेत पडतो. इलेक्ट्रिशियनला एका दिवसात हे बदलता येतं, फक्त रंगकामाच्या आधी करून घ्या. रात्रीसाठी पॅसेजच्या तोंडाशी, जमिनीपासून फूटभर उंचीवर, माणूस आला की लागणारा मंद पिवळा दिवा लावा.

खुर्चीचं कापड टाइल्सच्या रंगाचं घेऊ नका. फिकट बदामी फरशीवर फिकट बदामी खुर्ची हल्ली खूप विकली जाते, पण नजर अधू झालेल्या माणसाला बैठकीची कड कुठे संपते ते दिसत नाही आणि तो कडेवर बसतो. गडद निळा, विटकरी, बाटलीहिरवा, काहीही चालेल, फरक दिसला पाहिजे.

औषधांची जागा ठरवताना दोन पिढ्या एकमेकींच्या आड येतात. सासऱ्यांच्या हाताशी म्हणजे टीपॉयवर डबी ठेवली की ती नातवाच्याही हाताशी येते. टीपॉयवर चष्मा, पाणी, मोबाइल, रिमोट एवढंच ठेवा. गोळ्या खुर्चीजवळच्या भिंतीवर पाच फूट उंचीच्या, दार असलेल्या छोट्या कप्प्यात. सासऱ्यांना उभं राहून सहज पोचतं, मुलाला पोचत नाही. त्या निमित्ताने ते दिवसातून दोनदा उठतातही. टीपॉय जड असू द्या, चाकांचा नको, कारण उठताना त्यावर हात टेकला जाणारच.

नातवाचा भाग दिवाण आणि अभ्यासाच्या टेबलाच्या मध्ये. तिथे कडा न वळणारी पातळ सतरंजी घाला आणि तिच्याखाली घसरण थांबवणारी रबरी जाळी टाका. खेळणी सतरंजीच्या आत राहतील, बाहेर नाही, एवढा एकच नियम पाच वर्षांच्या मुलाला समजतो, कारण कड त्याला दिसते. 'आवरून ठेव' हा नियम त्याला समजत नाही. खेळण्यांच्या, चाकं असलेल्या दोन उघड्या पेट्या दिवाणाखाली, बाल्कनीच्या बाजूच्या अर्ध्या भागात सरकवा. सासूबाई खुर्चीकडच्या टोकाला बसतात, तिथली खालची जागा त्यांच्या पायांसाठी रिकामी सोडा. सतरंजी सासऱ्यांच्या वाटेवर कुठेही येता कामा नये. पायपुसणीही नको, फक्त बाथरूमच्या दाराशी रबरी तळाची चालेल.

मुख्य दाराशी उजव्या भिंतीला तीन फुटांची चपलांची पेटी करा, पण बसता येईल अशी, १८ इंच उंच आणि पुरेशी मजबूत. सासऱ्यांना चपला-बूट घालायला तिथे बसता येतं, आणि पाहुणे आले की दोघांची सोय होते. ती आणि खुर्ची यांच्या मधल्या जागेत दोन हलक्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवा. दिवाणावर तीन, सासऱ्यांची खुर्ची, या दोन खुर्च्या आणि पेटी मिळून आठ जण बसतात. एल सोफ्यावर पाच-सहा बसले असते. गणपतीत अभ्यासाचं टेबल दुमडलं की त्या साडेतीन फुटांत मखर येतं, आणि आरतीला उभं राहायला सतरंजीचा सगळा भाग मोकळा मिळतो. त्या दिवसांतही सासऱ्यांची खुर्ची जागची हलवू नका. पाहुण्यांसाठी आधी तीच सरकवली जाते आणि मग ते दहा दिवस सासरे नव्या वाटेवर, गर्दीत चालतात.

तुम्हा दोघांबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, बहुतेक जण लिहीत नाहीत. साडेनऊनंतर हॉल तुमचा होईल. खेळणी दिवाणाखाली गेली, लोड एका टोकाला रचले की दिवाणावर दोघांना पाय पसरून बसता येतं, टीव्ही समोर, आवाज कमी. कुणाला लॅपटॉपवर काम असेल तर २८ इंची टेबल मोठ्यांनाही चालतं. म्हणून टेबलासोबतची खुर्ची उंची कमी-जास्त होणारी घ्या, चाकांशिवाय. छतावरचे दिवे दोन वेगळ्या स्विचवर घ्या, दाराकडचे वेगळे आणि बाल्कनीकडचे वेगळे, म्हणजे तुम्ही जागे असताना पॅसेजकडे उजेड जाणार नाही.

विकत घेण्याआधी खडूने हे सगळं जमिनीवर आखा. खुर्ची, दिवाण, पेटी, टेबल, सतरंजी, सगळ्यांचे चौकोन खऱ्या मापाने. खुर्चीच्या जागी जेवणाची खुर्ची ठेवा, दिवाणाच्या जागी जमिनीवर गादी टाका आणि तीन-चार दिवस तसेच राहा. सासरे वॉकर घेऊन कुठे अडखळतात, वॉकर बसल्यावर कुठे ठेवतात, कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीत जाताना तुमचा घोटा कशाला लागतो, मुलगा सतरंजीबाहेर कुठल्या दिशेला सांडतो, हे तेव्हाच कळेल. वॉकर खुर्चीच्या डाव्या हाताला, दाराच्या बाजूला उभा राहायला दीड फूट सोडलेत का तेही बघा. तिथे हलकी खुर्ची आली तर ती दुसरीकडे न्या.

त्यानंतर सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियन, मग हँडल, मग सासऱ्यांची खुर्ची, मग दिवाण, आणि टीव्ही शेवटी. खुर्ची सुताराकडून करून घेत असाल तर पॉलिशच्या आधी, गादी घालून, सासऱ्यांना एकदा तिच्यावर बसवून उठवा. खुर्चीचे पाय अर्धा-पाऊण इंच लांबच ठेवायला सांगा. त्या वेळी कापून नेमकी उंची करता येते.